ईजीआर: जळालेला गरम वायू परत आत घेतल्यावर ज्वलन थंड कसं होतं?

मृगजळ
इंजिनांबद्दल सध्या बरंच वाचते आहे आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे. ईजीआरमध्ये सायलेन्सरकडे निघालेल्या वायूचा काही भाग वळवून परत इनटेकमध्ये सोडतात आणि त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण तो वायू तर चारशे अंशांच्या आसपास तापलेला असतो, आणि आत येणारी हवा त्यामानाने गार. गार हवेत गरम वायू मिसळला तर शेवटचं तापमान वाढायला हवं ना? "वायू निष्क्रिय असतो" एवढ्याने माझं समाधान होत नाही. नेमकी उष्णता जाते कुठे?

प्रश्न डिझेल इंजिनाबद्दलच आहे, पण पेट्रोलचं वेगळं असेल तर तेही वाचायला आवडेल.

ताशी_ऐंशी
सोपं आहे. धुरात ऑक्सिजन कमी असतो. ऑक्सिजन कमी म्हणजे डिझेल कमी जळणार आणि डिझेल कमी जळलं की उष्णताही कमी. शिवाय धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ हवेपेक्षा जास्त उष्णता पोटात घेतात. त्यामुळे दोन्हीकडून तापमान खाली येतं.

वाफारा
पण सायलेन्सरच्या वायूने फिरणारा पंखा आत जास्त हवा ढकलतो आणि त्याने ताकद वाढते ना? मग तापमान कमी कसं होईल? माझ्या माहितीप्रमाणे ते वाढतं, म्हणून तर मध्ये इंटरकूलर बसवतात.

झडप
वाफारा, तुम्ही म्हणताय तो टर्बोचार्जर. त्यात जळालेला वायू फक्त चाक फिरवून निघून जातो, सिलिंडरमध्ये परत येत नाही. ईजीआरमध्ये तो वायू स्वतःच परत सिलिंडरमध्ये जातो. बऱ्याच डिझेल इंजिनांवर दोन्ही असतात, त्यामुळे गल्लत होते.

ताशी_ऐंशी, तुमचं अर्धं बरोबर आहे. ऑक्सिजनचा संबंध आहे, आणि खरा कर्ताकरविता तोच आहे. पण डिझेल कमी जळतं म्हणून तापमान उतरत नाही. डिझेल इंजिन अर्ध्या भारावर चालत असताना सिलिंडरमध्ये गरजेच्या दीडपट-दुप्पट हवा असते. त्यातला थोडा ऑक्सिजन काढून घेतला तरी इंजेक्टरने सोडलेलं सगळं डिझेल जळतंच. चाकावर मिळणारी ताकद जवळपास तेवढीच राहते. म्हणजे उष्णता तितकीच निघाली आणि तरी ज्वालेचं तापमान उतरलं. मृगजळ यांना नेमकं हेच कोडं पडलंय.

सांजवेळ
मी हे असं समजून घेतलं होतं: चुलीची आच तीच, पण तांब्याभर पाण्याऐवजी हंडाभर पाणी ठेवलं तर ते कमी तापतं. धूर म्हणजे ते जास्तीचं पाणी. स्वतः जळत नाही, पण तापावं मात्र लागतं. चूक आहे का?

गणिती_मी
सांजवेळ, मला यात एक अडचण दिसते. डिझेल इंजिनात इनटेकचा दाब तोच राहिला तर सिलिंडरमध्ये मावणारा एकूण वायूही तेवढाच. धूर आला तेवढी हवा बाहेर राहिली. म्हणजे हंडा मोठा झालाच नाही, फक्त त्यातलं काही पाणी बदललं. मग उष्णता वाटून घ्यायला जास्तीचं वस्तुमान आलं कुठून?

झडप
गणितींनी नेमक्या जागी बोट ठेवलं. सांजवेळ यांचं उदाहरण पेट्रोल इंजिनाला चांगलं लागू पडतं. तिथे हवा आणि पेट्रोल ठरलेल्या प्रमाणात असतात, आणि धूर त्यांच्या *वर* घेतला जातो, थ्रॉटल थोडा जास्त उघडून. सिलिंडरमधलं वस्तुमान खरोखरच वाढतं.

डिझेलमध्ये मात्र संपूर्ण सिलिंडरचा हिशोब करून उत्तर मिळत नाही, कारण डिझेल संपूर्ण सिलिंडरभर एकदम जळत नाही. ते फवाऱ्याच्या कडेने जळतं, म्हणजे आतून येणारी इंधनाची वाफ आणि बाहेरून येणारा ऑक्सिजन जिथे बरोबर लागेल त्या प्रमाणात भेटतात तिथे. एकूण हवा कितीही जास्त असो, ज्वाला उभी राहते ती त्या पातळ पट्ट्यात. सगळ्यात जास्त तापमान तिथलंच, आणि ज्यांना आवरण्यासाठी ईजीआर बसवतात ते नायट्रोजन ऑक्साइडही तिथेच आणि तिथून नुकत्याच निघालेल्या वायूत तयार होतात.

आता त्या पट्ट्याच्या नजरेने बघा. एक किलो डिझेल जाळायला ठरावीक ऑक्सिजन लागतो. शुद्ध हवेत तो मिळवण्यासाठी सुमारे साडेचौदा किलो हवा ज्वालेत ओढावी लागते. हवेत धूर मिसळून ऑक्सिजन विरळ झाला, तर तेवढ्याच ऑक्सिजनसाठी जास्त वायू ज्वालेत ओढला जातो. तो सगळा वायू ज्वालेच्या तापमानापर्यंत तापवावा लागतो, उष्णता मात्र त्याच एक किलो डिझेलची. म्हणजे हंडा मोठा होतो तो ज्वालेजवळचा. सिलिंडरचा होत नाही.

गणिती_मी
हे पटलं. आकडे घालून बघतो, चुकलं तर सांगा.

समजा इंजिन मध्यम भारावर आहे आणि धुरात ९ टक्के ऑक्सिजन उरलाय. आत जाणाऱ्या वायूचा चौथा हिस्सा धूर केला, तर इनटेकमधला ऑक्सिजन:

```
0.75 × 21 + 0.25 × 9 = 18 %
```

आता ज्वालेत ओढला जाणारा वायू आणि तापमानातली वाढ. डिझेलची उष्णता किलोला ४२,८०० किलोज्यूल धरली आणि तापलेल्या वायूची सरासरी उष्माधारकता १.४ धरली:

```
21 % : 42800 / (15.5 × 1.4) ≈ 1970
18 % : 42800 / (17.9 × 1.4) ≈ 1705
```

१५.५ म्हणजे साडेचौदा किलो हवा अधिक एक किलो डिझेल. १७.९ मध्ये तीच हवा २१/१८ पट केली आहे. फरक सुमारे २६५ अंशांचा आला. एवढा मोठा?

झडप
पद्धत बरोबर आहे, फरक मात्र थोडा फुगलाय. २७०० केल्विनच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आणि वाफ यांचे काही रेणू फुटतात आणि त्यात उष्णता खर्च होते. त्यामुळे मूळचं, जास्त गरम तापमानच तुमच्या हिशोबापेक्षा खाली असतं. थंड ज्वालेत ही फूट कमी होते, म्हणून दोघांतलं अंतर मिटत मिटत दीडशे ते दोनशेवर येतं. साधारण २७५० वरून २५८० केल्विन धरा.

आणि एवढी घट पुरते. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात, ती जोडी तोडण्याची पायरीच सगळ्यात अवघड. याकोव्ह झेल्डोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात ती क्रिया मांडली. तिचा वेग तापमानावर अतोनात अवलंबून असतो. १७० अंश खाली आलं की नायट्रिक ऑक्साइड तयार होण्याचा सुरुवातीचा वेग साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो. म्हणून तापमानात सहा टक्के घट आणि प्रदूषणात ऐंशी टक्के घट असं दिसतं, तेव्हा आकडे चुकलेत असं वाटून घेऊ नका.

ताशी_ऐंशी
मग कार्बन डायऑक्साइडच्या उष्णता पोटात घेण्याचं काय? ते तर मी कितीतरी ठिकाणी वाचलंय.

झडप
तेही होतं, पण डिझेलमध्ये त्याचा वाटा लहान असतो. कमी भारावर धुरात कार्बन डायऑक्साइड असतोच जेमतेम काही टक्के, आणि त्या धुराचा पुन्हा एक भागच आत येतो. प्रयोग करून हे तपासता येतं. धुराऐवजी इनटेकमध्ये नुसता नायट्रोजन सोडायचा आणि ऑक्सिजन तेवढ्याच टक्क्यांवर आणायचा. नायट्रोजन तर हवेतच आहे, त्याच्यात जास्त उष्णता घेण्याचा गुण नाही. तरीही नायट्रोजन ऑक्साइड बरेचसे तसेच घटतात. म्हणजे मुख्य काम ऑक्सिजन विरळ होण्याचं आहे. कार्बन डायऑक्साइड आणि वाफेने वर थोडी भर पडते.

पेट्रोलमध्ये धुरात ऑक्सिजन जवळपास नसतोच आणि कार्बन डायऑक्साइड व वाफ दोन्ही भरपूर असतात. तिथे तुमच्या मुद्द्याला जास्त वजन आहे.

मृगजळ
ज्वालेच्या पट्ट्याचं लक्षात आलं आणि फार बरं वाटलं. पण माझा मूळ प्रश्न अजून उरतोच: तो वायू *गरम* आहे त्याचं काय? समजा ज्वालेचं तापमान १७० ने उतरलं, पण सुरुवातच जास्त गरम वायूने झाली, तर फायदा धुऊन जात नाही का?

झडप
बराचसा धुऊन जातो. तुमची शंका अगदी रास्त आहे.

इंटरकूलरनंतरची हवा ५० अंशांवर आणि धूर ४०० वर, चौथा हिस्सा धूर. मिश्रण साधारण १३८ अंशांवर येतं, म्हणजे ८८ अंश जास्त. पण हे ८८ तेवढेच राहत नाहीत. पिस्टन वर जाताना वायू दाबला जातो तेव्हा केल्विनमधलं तापमान पटीत वाढतं. सोळास एक दाबाच्या इंजिनात ही पट अडीचच्या जरा वर असते. म्हणजे दाबून झाल्यावर फरक सव्वादोनशेच्या पुढे गेला. तो सगळाच्या सगळा ज्वालेत उतरत नाही, निम्म्याच्या आसपास उतरतो असं धरा. तरी १७० तले शंभराहून जास्त गेलेच.

दुसरं नुकसान जागेचं. गरम वायू फुगलेला असतो. त्याच दाबाला सिलिंडरमध्ये सुमारे पाचवा हिस्सा कमी वस्तुमान मावतं, आणि ती तूट ऑक्सिजनमध्येही पडते.

म्हणून ईजीआर कूलर. धूर कूलंटच्या नळ्यांमधून नेऊन समजा १२० अंशांवर आणला, तर मिश्रण ६८ च्या आसपास येतं. वाढ १८ अंशांची, आणि दाबल्यावर ४५-५० ची. आता फायदा टिकतो. मृगजळ, ईजीआर तापमान उतरवतं ते धूर गरम असूनही. गरम असल्यामुळे होतो तो तोटाच, आणि तो कमी करण्यासाठी वेगळा भाग बसवावा लागतो.

मात्र इंजिन थंड असताना आणि अगदी कमी भारावर कूलरला बगल देऊन मुद्दाम गरम धूर आत घेतात. तेव्हा काळजी नायट्रोजन ऑक्साइडची नसते, डिझेल अर्धवट जळण्याची असते.

रानवाट
चर्चा छान चालली आहे, पण माझी अडचण जमिनीवरची आहे. दोन लिटरचं चार सिलिंडर डिझेल पिकअप आहे. चढावर दम सोडते, पाय दाबला की काळा धूर मारते, आणि उभी असताना इंजिन थरथरतं. स्कॅनर लावला तर P0402 येतो. मेकॅनिकचं म्हणणं, ईजीआरच्या तोंडाला पत्रा मारून टाका, डोकेदुखी कायमची जाईल. तुमचं काय मत?

ताशी_ऐंशी
मारा पत्रा. मी जुन्या गाडीला मारला होता, पिकअप सुधारला आणि इनटेकमध्ये काजळी बसायची थांबली.

झडप
रानवाट, P0402 म्हणजे गरजेपेक्षा जास्त धूर आत जातोय. तुमची तिन्ही लक्षणं व्हॉल्व्ह उघडाच अडकल्याची वाटतात. पूर्ण भारावर इंजिनाला सगळा ऑक्सिजन हवा असतो, म्हणून तेव्हा संगणक ईजीआर बंद करतो. व्हॉल्व्ह बसलाच नाही तर ऐन चढावर ऑक्सिजन कमी पडतो. मग एकतर काजळी पूर्ण जळत नाही, किंवा संगणक हवा कमी बघून डिझेल कापतो. आधी काळा धूर, मग दम सुटणं. ताशी_ऐंशी म्हणाले होते तसं "ऑक्सिजन कमी म्हणून डिझेल नीट जळत नाही" हे इथे खरं ठरतं, पण ती बिघाडाची अवस्था झाली.

पत्रा मारण्याआधी एक तपासणी करा. इंजिन चांगलं गरम झालं की उभ्या गाडीत स्कॅनरवर हवेचा आकडा बघा, दर झटक्याला मिलिग्रॅममध्ये. तुमच्या एका सिलिंडरचं माप अर्धा लिटर. त्यात हवेचे साधारण ५९० मिलिग्रॅम मावतील, आणि सिलिंडर पूर्ण भरत नाही म्हणून प्रत्यक्षात ५०० ते ५३०. ईजीआर चालू असताना हा आकडा बराच खाली असतो, कारण उरलेली जागा धुराने भरलेली असते. आता स्कॅनरवरून व्हॉल्व्ह बंद करण्याचा हुकूम द्या. आकडा पाचशेकडे चढायला हवा. तीनशेच्या आसपासच रेंगाळला तर व्हॉल्व्ह बसत नाही.

गणिती_मी
पण हवा मोजणारा एमएएफ सेन्सरच घाण झालेला असेल, तरीही आकडा कमीच दिसेल की.

झडप
बरोबर. म्हणून दुसरी पायरी: तपासणीपुरता व्हॉल्व्हच्या तोंडाशी पत्रा घालायचा आणि तेच माप पुन्हा घ्यायचं. आकडा चढला तर दोष व्हॉल्व्हचा. जागचा हलला नाही तर सेन्सर बघा, किंवा टर्बो आणि इनटेकच्या मधला पाइप कुठे फुटलाय का ते बघा. तपासून झालं की पत्रा काढायचा.

कायमचा पत्रा मी मारणार नाही. तुमच्या दोषात त्याने फरक नक्की जाणवेल, कारण उघडा राहिलेला व्हॉल्व्ह बंद होईल. पण तोच फरक व्हॉल्व्ह धुऊन किंवा बदलूनही मिळतो. पत्र्यानंतर प्रवाह नाही म्हणून P0401 यायला लागेल. तो घालवायला कोणीतरी संगणकात फेरफार करेल. आणि ज्वालेतले ते दीड-दोनशे अंश परत येतील, नायट्रोजन ऑक्साइड कित्येक पटींनी वाढतील. हा वायू फुप्फुसाला जाचतो आणि काळ्या धुरासारखा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची कोणी फिकीर करत नाही. उत्सर्जनाच्या यंत्रणेत असा फेरफार बहुतेक देशांत कायद्याविरुद्ध आहे, तेही ध्यानात ठेवा.

ताशी_ऐंशी
तुमचा मुद्दा मान्य, पण काजळीचं काय? जो भाग साफ करून पुन्हा सहा महिन्यांत बुजतो, तो ठेवायचा कशाला? पैसे गाडीवाल्याचे जातात.

झडप
काजळी ही ईजीआरची खरी किंमत आहे, ती नाकारत नाही. ऑक्सिजन विरळ केला की ज्वालेत तयार झालेली काजळी पुढे जळून जायलाही अडचण होते. नायट्रोजन ऑक्साइड खाली नेले की काजळी वर येते. इंजिन बनवणारे कायम या दोघांच्या कात्रीत असतात. पण इनटेकमध्ये जाड, चिकट थर बसतो तो नुसत्या काजळीचा नसतो. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ त्यात मिसळते आणि त्याचा चिखल होतो. सहा महिन्यांत बुजत असेल तर ब्रीदरमधून तेल जास्त येतंय का, टर्बोचं सील गळतंय का, इंजेक्टर नीट फवारतोय का, हे बघायला हवं. व्हॉल्व्ह फक्त शेवटी भोगतो.

सांजवेळ
एक विचारू का? उभ्या गाडीत आकडा पाचशेवरून तीनशेवर येतो, म्हणजे चाळीस टक्के धूर. मध्यम भारावर मात्र चौथाच हिस्सा. उलटं का नाही? जिथे जास्त तापमान तिथे जास्त धूर हवा ना?

गणिती_मी
याचं उत्तर माझ्या पहिल्या समीकरणातच आहे असं वाटतं. उभ्या गाडीत डिझेल अगदी थोडं जळतं, त्यामुळे धुरातही सुमारे १७ टक्के ऑक्सिजन शिल्लक असणार. तो "धूर" म्हणजे बहुतांशी हवाच. चौथा हिस्सा घेतला तर ऑक्सिजन २१ वरून जेमतेम २० वर येईल. निम्मा घेतला तर १९ वर. थोडा परिणाम हवा असेल तरी धूर भरपूर लागणार.

झडप
हेच. त्यात एक भर: अशा धुराच्या पुढच्या फेरीत ऑक्सिजन आणखी घटतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा तुमच्यापेक्षा थोडा खाली उतरतो. भार वाढला की धूर "गाढा" होतो आणि थोड्यात काम होतं. पूर्ण भाराजवळ जास्तीचा ऑक्सिजनच राहत नाही, मग थांबावं लागतं.

पेट्रोलचं राहिलं होतं. तिथे मर्यादा वेगळ्या कारणाने येते. ज्वाला ठिणगीपासून निघून सगळ्या मिश्रणातून धावत जाते, आणि धूर मिसळला की तिचा वेग मंदावतो. पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढे बऱ्याच इंजिनांत काही ठिणग्या वाया जाऊ लागतात आणि इंजिन अडखळतं. फायदा असा की थ्रॉटल जास्त उघडा राहतो, त्यामुळे हवा ओढायला कमी शक्ती जाते, आणि तापमान उतरल्याने नॉकिंगही आवरतं.

मृगजळ
एक शेवटची शंका. ऑक्सिजन विरळ झाला तर डिझेल पेट घ्यायलाही उशीर होत असेल. मग ज्वलन पुढे सरकतं, पिस्टन खाली जायला लागल्यावर होतं, आणि तेवढ्यानेही तापमान उतरेल. मग घटीतला किती वाटा विरळ ऑक्सिजनचा आणि किती या उशिराचा?

झडप
उशीर होतो, आणि तुम्ही म्हणता तसा परिणामही होतो. पण उशिरामुळे पेट घेण्याआधी जास्त डिझेल हवेत मिसळून राहतं आणि मग एकदम भडकतं, ते उलट्या दिशेने ओढतं. वाटणी शोधायची तर इंजेक्शन थोडं आधी करून ज्वलन पुन्हा जुन्या जागी आणायचं आणि मग माप घ्यायचं. माझ्या हाताखालून गेलेल्या इंजिनांत मोठा वाटा विरळ ऑक्सिजनचाच निघाला, पण सगळीकडे तसंच निघेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

गणिती_मी
ज्वलन मागे आणून मोजलं तर दाबही बदलेल, म्हणजे ती तुलनाही पूर्ण स्वच्छ नाही. मला वाटतं हे दोन वाटे वेगळे करताच येणार नाहीत. झडप, तुम्ही दाब कसा सांभाळत होता?

रानवाट
मापं घेतली. गरम इंजिन, उभी गाडी: २९०. व्हॉल्व्ह बंदचा हुकूम दिल्यावर ३१०. पत्रा घालून ५०५. व्हॉल्व्ह काढला तर बैठकीत काजळीचा खडा अडकलेला निघाला. पत्रा मारलेला नाही. ब्रीदरचा पाइप आतून तेलाने ओला आहे, तो किती ओला असणं ठीक ते कोणी सांगेल का?